शंभर टक्के डिलिव्हरी

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी कुरकुर करायला नको. शेअर ब्रोकरच्या ऑफिसात अठरा वर्षं डीलर म्हणून फोनवर बसलेय. ग्राहकाने सांगायचं आणि मी घ्यायचं-विकायचं. आमच्या टेबलावरच्या फोनवरचा शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो, उद्या कोणी 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणालं तर पुरावा असावा म्हणून. त्यामुळे बडबड मी घरी करते आणि ऑफिसात मोजून बोलते. निदान त्या सोमवारपर्यंत तरी तसंच चाललं होतं.

बाजार उघडायला पाऊण तास होता. मॅनेजर आला आणि त्याने बारा नावांची यादी माझ्यापुढे ठेवली. "ती पाइपवाली कंपनी," तो म्हणाला. "सलग तीन दिवस डिलिव्हरी शंभर टक्के. मोठे गुंतवणूकदार शिरलेत. सगळ्यांना फोन लावा आणि बाजार उघडताच ऑर्डरी टाका."

यादीत पहिलं नाव माझ्या सासूबाईंचं होतं. आणि त्या स्वतः मागच्या काचेच्या केबिनमध्ये चहा पीत बसल्या होत्या. मॅनेजरने रविवारीच त्यांना परस्पर फोन करून बोलावलं होतं. मला घरात पत्ता नाही.

सासऱ्यांच्या मागे चौदा वर्षं त्यांनी शिवणकामाचं दुकान एकटीने चालवलं. गुडघे गेले तेव्हा दोन महिन्यांपूर्वी गाळा विकला. तो पैसा म्हणजे त्यांचा ताठ कणा. "हा आहे तोवर मी कोणाच्या तोंडाकडे बघणार नाही," असं त्या आम्हा नवरा-बायकोला जेवता जेवता ऐकवतात. यादीत त्यांच्या नावापुढची रक्कम बघितली, तर तो सगळाच्या सगळा पैसा आज त्या पाइपांत जाणार होता.

आता डिलिव्हरी म्हणजे काय, ते सांगते. दिवसभरात एखाद्या शेअरचे शंभर सौदे झाले, तर त्यातले बरेच सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे असतात. त्यांना कंपनीशी देणंघेणं नसतं. जे शेअर खरोखर कोणाच्या तरी खात्यात जाऊन बसतात, ती डिलिव्हरी. त्याचा टक्का संध्याकाळी एक्स्चेंज जाहीर करतं. भाव हळूहळू चढतोय, उलाढाल वाढतेय आणि टक्काही पस्तिसावरून साठीला गेलाय, असं दिसलं की मी कान टवकारते. कोणीतरी ठेवायला म्हणून घेतंय, अशी ती खूण असते. नुसती खूण हं, हमी नव्हे.

पण शंभर? सलग तीन दिवस, एकही शेअर इकडचा तिकडे नाही? मी स्क्रीनवर कंपनी उघडली आणि डोक्याला हात लावला.

"साहेब, हा शेअर बुधवारपासून ट्रेड-टू-ट्रेडमध्ये टाकलाय," मी म्हणाले.

"मग?"

"मग काय? भाव संशयास्पद उड्या मारायला लागला, म्हणून एक्स्चेंजने याला तिथे नेऊन बसवलं. त्या गटात घेतलेला शेअर त्याच दिवशी विकून सौदा मिटवताच येत नाही. प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावीच लागते. टक्का शंभर येणार नाही तर काय येणार?"

त्याचा चेहरा एका क्षणात उतरला, म्हणजे चूक खरोखर नकळतच झाली होती. त्याने शुक्रवारचा तक्ता टक्क्यांप्रमाणे वरून खाली लावला होता आणि जे वर आलं ते उचललं होतं. तसा तक्ता लावला की असले शेअर वर येणारच. चूक माणसाकडून होते, मीही केल्यात. तो 'अरेच्चा' म्हणाला असता तर मी यादी फाडून टाकली असती आणि चहा सांगितला असता.

पण तो खुर्ची ओढून जवळ बसला. "आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग आकडा सांगा. कारण कोणी विचारत नाही. महिना संपतोय, शाखेचं टार्गेट अर्ध्यावर आहे. तुमच्या पगारवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. आणि जमत नसेल तर दुसरा कागद द्या, राजीनाम्याचा."

अठरा वर्षं. त्यातली दोन याच्या हाताखाली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप, पायाच्या अंगठ्यापासून.

"फोनच लावायचे ना? लावते," मी म्हणाले.

मी पहिला नंबर फिरवला. केबिनमध्ये सासूबाईंची पर्स वाजायला लागली. त्यांनी चष्मा लावून फोन शोधला, कानाला लावला आणि काचेतून माझ्याकडे बघितलं.

"नमस्कार. तुमच्या ब्रोकरकडून डीलर बोलतेय. हा फोन रेकॉर्ड होतोय."

"अगं, मी समोर बसलेय."

"हो आई. तरी ऐका. मॅनेजर साहेबांनी तुम्हाला पाइप कंपनीचे शेअर सुचवायला सांगितलंय. त्याची डिलिव्हरी तीन दिवस शंभर टक्के आहे. आकडा खरा आहे."

मॅनेजरने मान डोलावली.

"आणि शंभर आहे, कारण त्या शेअरमध्ये दुसरं काही करायची परवानगीच नाही. सभेच्या हॉलला बाहेरून कुलूप लावलं आणि कोणी उठून गेलं नाही, म्हणून भाषण रंगलं असं होत नाही."

त्याने फोनकडे हात नेला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ओढाताण झाली असती तर तीही रेकॉर्ड झाली असती, हे त्याला कळत होतं. तो हात तसाच टेबलावर राहिला.

सासूबाई जराही हलल्या नाहीत. दुकानात कापड बघताना बघायच्या, तशा माझ्याकडे बघत होत्या. "कुलूप लागायच्या आधी किती जण बसून होते?" त्यांनी विचारलं.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आमच्या ऑफिसात हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. "मंगळवारी चाळीस लाख शेअरांची उलाढाल झाली. खात्यात जाऊन बसले पाच लाख साठ हजार. शंभरातले चौदा. बाकी सगळी दिवसभराची पळापळ."

"आणि कुलूप लागल्यावर?"

"शुक्रवारी उलाढालच एक लाख ऐंशी हजारांची. सगळे खात्यात बसले. टक्का चौदाचा शंभर झाला, पण खात्यात बसलेले शेअर तिपटीने कमी झाले."

"म्हणजे ठेवायला घेणारे वाढले नाहीतच."

"या आकड्यात तरी दिसत नाहीत. पुढे भाव चढेल की पडेल, ते मला माहीत नाही. पैसे तुमचे आहेत. घ्या म्हणालात तर बाजार उघडताच ऑर्डर टाकते. बोला."

मग त्यांनी शब्द सुटे सुटे करून, टेपवर नीट उमटतील असे, सांगितले. "मला हा शेअर नको. हे मी माझ्या मर्जीने सांगतेय. मला सुनेने नाही म्हणायला लावलेलं नाही."

मी फोन ठेवला. मॅनेजर उभा राहिला. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला, आवाज न चढवता.

"उद्या ना?" मी म्हणाले. "मग आजचा दिवस माझाच आहे."

केबिनचं दार उघडलं. सासूबाई गुडघा सांभाळत बाहेर आल्या. अठरा वर्षांत त्यांनी माझ्या नोकरीला 'फोनवर गप्पा मारायचा पगार' याशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, माझ्या आणि मॅनेजरच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"अकरा उरलेत ना?" त्या मला म्हणाल्या. "लाव पुढचा. मी बसलेय."

मी यादीतला दुसरा नंबर फिरवला.