पाचव्या प्रकरणाचा फॉन्ट

कराडमध्ये पोलीस भरतीचा क्लास चालवणाऱ्या हेमलता पिसाळ यांचा भरवसा फक्त दिरावर. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी चोर. त्या सकाळी त्यांनी मोबाइलवर वेबसाइटवरच्या नोट्सचं पाचवं प्रकरण उघडलं, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा नुसता कचरा! मधल्या चार ओळी तेवढ्या मराठीत, त्याही एक जाड, एक बारीक.

"वर्डमध्ये माझं लिखाण कसं स्वच्छ दिसतंय बघा, वहिनी," दीर विक्रांत म्हणाला. "वेबसाइटवर चढवणारी रुबिना समोरच्या क्लासला फितूर झालीय. द्या नारळ तिला."

रुबिना मुजावर आली. सगळं ऐकून घेऊन तिनं वर्डची फाइल उघडली, एक ओळ निवडली, फॉन्ट बदलला. स्वच्छ मराठीचा तोच कचरा झाला.

"मॅडम, हा जुना फॉन्ट. आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा मुखवटा. हा फॉन्ट या कॉम्प्युटरवर आहे, पोरांच्या मोबाइलवर नाही."

"मग चढवण्याआधी डोळे कुठं होते?"

"पहिली चार प्रकरणं युनिकोडमध्ये होती, ते कुठल्याही मोबाइलवर नीट दिसतं, म्हणून पाचवं तपासलं नाही. ती चूक माझी."

तिनं मजकूर जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला, दोन ठिकाणी सरकलेले रफार हातानं जागेवर आणले आणि वर्डचं फॉरमॅटिंग गाळून नुसता मजकूर पानावर टाकला. आता सगळ्या ओळी सारख्या दिसू लागल्या. पण हेमलताबाईंच्या डोक्यातला किडा वळवळतच होता.

"चार प्रकरणं नवी, मग पाचवंच जुनं कसं?"

"ते मला नका विचारू, मॅडम. पण या फॉन्टमध्ये लिहायला मराठी टाइपरायटरवरचं टायपिंग यावं लागतं. विक्रांत सर तर मोबाइलवर बोलून लिहितात. त्यातून युनिकोडच येतं. त्या मधल्या चार ओळींसारखं."

हेमलताबाईंनी कीबोर्ड दिराकडे सरकवला.

"भावजी, याच फॉन्टमध्ये तुमचं नाव टाइप करा."

"काय वहिनी, माझ्यावर संशय?"

"नावच तर टाइप करायचंय."

विक्रांतनं चारदा बटणं दाबली. पडद्यावर काहीच्या काही उमटलं.

टाइपरायटरवर शिकलेला माणूस क्लासमध्ये एकच होता, सकटे सर. 'वर्षभरात एक पान लिहिलं नाही' असं विक्रांतनं सांगितलं आणि बाईंनी त्यांना मुलांदेखत हाकललं होतं. आता बाईंनी वर्डमध्ये सहावं प्रकरण उघडून फॉन्ट बदलला. कचरा. सातवं, आठवं, अकराव्यापर्यंत तेच. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी फोन लावला.

"सकटे सर, मी हेमलता पिसाळ. तुमच्या नोट्स सापडल्या."

"हरवल्या नव्हत्या, मॅडम," सर म्हणाले. "सातही प्रकरणं मी विक्रांतरावांच्या हातात दिली होती. तुम्ही मला विचारलंच कुठं?"

फोन बंद झाला.