आकड्याशिवायचं वाक्य नको

व्यवस्थापनाचा आढावा बेचाळीस पानांचा होता. आमच्या मोठ्या साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "संचालकांना वेळ नसतो. उद्याच्या बैठकीसाठी एका पानात बसवा. दुसरं पान दिसलं की अध्यक्षबाई कागद परत पाठवतात."

मी सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. पक्की करण्याचं पत्र साहेबांच्या सहीसाठी पडून होतं. मला ती नोकरी जिवापाड हवी होती, त्यामुळे मी मान डोलावली.

पहिला मसुदा साडेतीन पानांचा झाला. साहेब वैतागले. "ज्या वाक्यात आकडा नाही, ते सरळ उडवा!"

हुकूम म्हणजे हुकूम. 'भक्कम पाया' उडाला. 'समर्पित कर्मचारी' उडाले. 'आव्हानांतून संधी' तर पाच ठिकाणी होती, पाचही ठिकाणची गेली. एकतिसाव्या पानावर एका लांबलचक वाक्याच्या शेपटाला गोदामाची जमीन विकल्याचं लिहिलं होतं. तिथे आकडा होता, म्हणून ती राहिली.

साहेबांनी पान वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. पंपांची विक्री आठ टक्क्यांनी घटली. कच्चा माल अकरा टक्क्यांनी महागला. नफा आठ कोटींवरून नऊ कोटींवर गेला. त्यातले सात कोटी जमिनीचे.

"गोदाम काढा."

"साहेब, मग विक्री घटून नफा वाढला कसा, हे विचारतील."

"मग विक्री काढा."

"आढाव्यातली मुख्य गोष्टच ती आहे. पंप विकतो ना आपण?"

त्यांनी स्वतः 'भक्कम पाया' परत घातला. शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेली. पाया काढला, ओळ परत आली. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी हात झटकले. "जाऊ द्या. वाचतंय कोण!"

घरी जाताना मी पानावरचा एकेक आकडा पुन्हा तपासला. कुणी वाचलंच, तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

बैठकीत मी भिंतीजवळ बसले. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"म्हणजे जमीन नसती, तर नफा दोनच कोटी?"

सगळे पानात डोकावले. विक्रीवाल्यांना घाम फुटला. पंप का विकले जात नाहीत, यावर संचालक तासभर भांडले. चहा निवून गेला तरी कुणाला भान नव्हतं.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आपली कंपनी कळली. कुणी केलं हे?"

मी जमिनीकडे पाहू लागले. मोठे साहेब खाकरले, कोट सारखा केला.

"मीच. म्हटलं, आकड्याशिवायचं वाक्य नको."

खोटं नव्हतंच ते.

"छान! आता दर तिमाहीला असंच पान हवं."

साहेबांचा हात कोटाच्या बटणावरच थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी माझं पत्र सही होऊन आलं, आणि त्यांनी ते स्वतः आणून दिलं.