गोटी नावाची व्यक्ती

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, कंपन्यांना नियोजन शिकवतो. लोक त्याचे पैसेही देतात. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र त्यांच्या लग्नापासून अरे-तुरेच चालू आहे. मी स्वतः ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शेजारच्या सीटवर बसून लोकांचा मूर्खपणा बघायचा आणि वेळेवर ब्रेक दाबायचा, हा माझा धंदा. त्यामुळे मूर्ख माणूस मला लांबूनही ओळखू येतो, आणि हा तर घरातलाच.

ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन शनिवारी ठरलं तेव्हा त्याचा फोन आला. "पोरं आठवडाभर तुझ्याकडे. शनिवारी गाडीत बसवतो, तू फक्त उतरवून घे. बाकी सगळं माझ्याकडे."

"बाकी सगळं माझ्याकडे" म्हणणाऱ्याकडे सहसा काहीच नसतं. तरी मी "बरं" म्हटलं आणि शनिवारी फलाटावर जाऊन उभी राहिले.

गाडी आली. सगळी माणसं पांगली. मग शेवटच्या डब्यातून रेल्वेचा एक कर्मचारी माझ्या भाचीला घेऊन उतरला. चौदा वर्षांची पोर, पाठीवर सॅक, मनगटावर भडक पिवळी पट्टी, एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलांना रेल्वेवाले बांधतात ती. धाकटा दिसेना.

"छोटू कुठाय?"

"नाही सोडलं त्याला," ती म्हणाली. "बाबांना वाटलं, मी मोठी आहे, मी घेऊन जाईन. तिकीट खिडकीवर म्हणाले, तेराच्या आतल्या मुलाबरोबर अठरा पूर्ण झालेलं माणूस लागतं. चौदा वर्षांची ताई चालत नाही."

"मग बाबा काय म्हणाले?"

"आधी ओरडले. मग म्हणाले, हा तेराचाच आहे. तेवढ्यात छोटूच बोलला, मी अकराचा आहे म्हणून."

शाब्बास पठ्ठ्या, मी मनात म्हटलं. घरात एक तरी पुरुष खरं बोलतो.

मी तिची सॅक घ्यायला हात पुढे केला, तर कर्मचारी मध्ये आला. "आधी ऑफिसात चला. ओळखपत्र आहे ना?"

स्टेशनच्या ऑफिसात एक टेबल, तीन खुर्च्या आणि सुकत चाललेलं एक रोपटं होतं. टेबलामागच्या बाईंनी माझं लायसन्स हातात घेतलं, समोरच्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा लायसन्सकडे पाहिलं.

"इथे मुलीला घ्यायला येणाऱ्या व्यक्तीचं नाव गोटी असं दिलंय."

मला आधी कळेचना. मग कळलं. जन्मले तेव्हा मी गोल गरगरीत होते, म्हणून घरात मला गोटी म्हणतात. आज पन्नाशी आली, तरी म्हणतात. पण मला खरं नाव आहे. चांगलं चार अक्षरी, लायसन्सवर ठळक छापलेलं.

"गोटी मीच," मी म्हटलं. आयुष्यात इतकं बावळट वाक्य मी दुसरं उच्चारलेलं नाही.

"असाल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण मुलीला सोडणाऱ्या पालकांनी सही करून जे नाव दिलंय, त्याच नावाचं फोटो ओळखपत्र लागतं."

"मावशीच आहे ही माझी!" भाची म्हणाली.

"तुझ्यावर माझा विश्वास आहे, बाळा. पण मुलं ज्याला ओळखतात त्या प्रत्येकाच्या हाती त्यांना द्यायचं नसतं."

मला पटलं, आणि पटल्याचा रागही आला.

बाईंनी कागदावरचा पालकांचा नंबर लावला. नुसती रिंग वाजत राहिली. तो निघाला त्याच्या ऑफिसातला टेबलावरचा फोन, आणि वार शनिवार. पर्यायी नंबराच्या रकान्यात तोच नंबर पुन्हा लिहिलेला! मी त्याचा मोबाइल लावला, तो बंद. हॉस्पिटलात मोबाइल बंद ठेवावा असं लिहिलेलं असतं; आयुष्यात हा एवढा एकच नियम याने पाळला.

वाट बघताना भाचीने सकाळची कथा सांगितली. स्वस्त पडतं म्हणून त्याने आधी मध्ये गाडी बदलायची तिकिटं काढली होती. एकट्या मुलाला ते चालत नाही, गाडी थेट लागते. तिकीटही एकट्या मुलाचं नाही, मोठ्या माणसाचं काढलेलं. मग सगळं बदलून घेतलं. दोन्ही स्टेशनांवर कर्मचारी हवेत, अंधार पडायच्या आत गाडी पोहोचायला हवी, हेही त्याला तिथेच कळलं. "मग बाबांना बाहेर बसवून मला आत विचारलं. एकटी जाशील का, घाबरतेस का, औषध किंवा कसली ॲलर्जी आहे का. बाबा दाराबाहेरून उत्तरं देत होते."

"बरोबर?"

"नाही."

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने माझ्या मोबाइलवर दाजीचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला आणि काय झालंय ते सांगितलं.

"अहो, ती माझी मेहुणी आहे! द्या पोरीला!"

"त्यांचं ओळखपत्रावरचं पूर्ण नाव सांगा."

मागून स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट ऐकू आला.

"गोटी," तो म्हणाला.

"पूर्ण नाव, साहेब."

"तुमच्या हातात लायसन्स आहे ना? वाचा की!"

"मी वाचून दाखवायचं नाही. तुम्ही सांगायचं."

त्याने एक नाव सांगितलं. ते माझ्या चुलत बहिणीचं होतं. मग दुसरं सांगितलं. ते कुणाचं होतं देव जाणे. मला हसू आवरेना. वीस वर्षं हा माणूस माझ्या घरी जेवतो, इकडे आला की फिरायला माझी गाडी नेतो. मी खुर्चीत मागे रेलले आणि त्याच्या प्रत्येक अडखळण्याची चव घेत राहिले.

"नाव कळलं तरी फोनवर बदल होणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं ओळखपत्र घेऊन तिकडच्या स्टेशनवर जा आणि सही करून दुरुस्ती करा. त्यांचा निरोप आला की आम्ही मुलीला सोडतो."

फोन बंद झाला. मी अजून हसत होते.

"मावशी, तुला मजा येतेय?" भाची म्हणाली.

ती पिवळ्या पट्टीखालचं मनगट खाजवत होती. "आईला भूल दिलीय. छोटू तिकडे हॉस्पिटलात बाकावर बसलाय. मी इथे अडकलेय. आणि तू तर बाबांना एकदा विचारलंही नाहीस, नाव काय दिलंय म्हणून."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती माझी स्वतःची नजर होती. क्लच सोडता न येणाऱ्यांसाठी राखलेली. मी उठून तिच्यासाठी बिस्किटं आणली. तिने घेतली, पण आभार मानले नाहीत.

नाव दाजीला ताईकडूनच मिळालं. ती भुलीतून बाहेर येत होती, डोळे धड उघडत नव्हते, आणि हा कानाशी वाकून विचारत होता, "तुझ्या बहिणीचं नाव काय?" हे मला पुढे छोटूने सांगितलं. ती म्हणाली म्हणे, "सांगते. आधी माझं सांग."

ते त्याला आलं. एवढं तरी आलं.

संध्याकाळ होत आली तेव्हा निरोप पोहोचला. बाईंनी माझी सही घेतली, पट्टी कात्रीने कापली आणि मला म्हणाल्या, "परत पाठवताना तुम्हाला इथे येऊन हेच सगळं करावं लागेल. लवकर या. आणि तिकडे घ्यायला कोण येणार, त्याचं ओळखपत्र आधी मागवून बघा."

"त्याचं नाव मला पाठ आहे," मी म्हटलं.

"तरी बघा."

गाडीत बसल्यावर भाचीने आधी आईला फोन लावून दोन शब्द बोलून घेतलं. मग सीटबेल्ट लावत विचारलं, "तुझं खरं नाव काय गं?"

मी सांगितलं.

तिने ते दोनदा पुटपुटलं. "बाबा विसरतील," ती म्हणाली.

"उद्यापर्यंत," मी म्हटलं आणि आरसा नीट करून गाडी रस्त्यावर काढली.