बाबांनी वाचायचा मेसेज

सासूसासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी नणंदेने ग्रुपवर गुलाबांचं तयार चित्र टाकलं आणि जावेने तेच पुढे ढकललं. धाकटी सून मात्र स्वतःच्या शब्दांत लिहायच्या हट्टाला पेटली होती. तिने 'आदर्श जोडी' लिहिलं आणि लगेच खोडलं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर रोज भांडणारी जोडी कसली डोंबलाची आदर्श! सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नसे. आलेला प्रत्येक मेसेज सासरेच मोठ्याने वाचून दाखवत. सुनेने नेमकं तेच हेरलं आणि लिहिलं:

"आई-बाबा, लग्नाच्या वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. आई, बाबांच्या आजारपणात तुम्ही खुर्चीत बसून रात्री काढल्यात. तुमच्यावाचून त्यांचं पान हलत नाही. पण हे ते तोंडाने कधी म्हणायचे नाहीत. तुमची सून."

मेसेज पाठवून ती दाराआड उभी राहिली. सासरे खणखणीत आवाजात वाचत होते. 'पान हलत नाही'पर्यंत आले आणि एकदम गप्प झाले.

"थांबलात का? पुढे काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी फोन उपडा ठेवला.

"पुढचं साफ खोटं लिहिलंय तिने," ते घसा खाकरत म्हणाले. "तू इकडे बघ. मी सांगतो."