आजोबा शेवटी

शनिवारी सिस्टर येणार म्हणून माझ्या बायकोने, शेवंताने, सकाळीच माझी खुर्ची हॉलच्या मधोमध आणून ठेवली. मी धुतलेला शर्ट घातला, मास्क लावला आणि बसलो. घरात कुणीही आलं की आधी मोठ्यांना भेटतं, मग बाकीच्यांना. आमच्याकडे हे असंच आहे आणि ते कुणाला सांगावं लागत नाही.

सिस्टरचं नाव वृंदा. वडील फौजेत, त्यामुळे बालपण दिल्ली कँटात गेलेलं. मराठी आम्हा दिल्लीकरांसारखीच, मधूनमधून हिंदीत घसरणारी. रुग्णालयाच्या घरभेटीच्या विभागात काम करते. दोन दिवस आधी तिने फोन करून सुनेला, कृतिकाला, बरंच काही विचारलं होतं. बाळ दूध कधी पितं, झोपतं कधी, माझा थोरला मुलगा यशोधन कुठल्या दिवशी घरी असतो, आजोबा गोळ्या केव्हा घेतात, कोण कुठे झोपतं. कृतिकाने मला विचारून विचारून उत्तरं दिली. एवढी चौकशी कशासाठी, हे तिलाही कळलं नाही, मलाही नाही. बाळ तीन आठवड्यांचं, त्याला बघायला येणार हे ठीक. पण मी कुठे झोपतो याच्याशी बाळाचा काय संबंध?

संबंध होता म्हणा. दहा-बारा दिवसांपूर्वी माझ्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते. गोळ्या सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून घरात माझं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. आणि दाराआड एक बोलणं चालू होतं: बाबांना काही महिने मानसकडे गुरुग्रामला पाठवावं. मानस माझा धाकटा मुलगा. तो आणि त्याची बायको सकाळी ऑफिसला जातात ते अंधार पडल्यावर परततात. तिथे मी सतराव्या मजल्यावर दिवसभर भिंतीशी बोलणार. आणि सोनमचं काय? माझी नात, यशोधनची मुलगी, आठ वर्षांची, चौथीत. शाळेत मराठी नाही, म्हणून मी तिला रोज संध्याकाळी वाचायला शिकवतो. पहाडगंजच्या शाळेत पस्तीस वर्षं मुलांना जे शिकवलं, तेच आता एकटीला शिकवतो.

बेल वाजली. वृंदा आत आली, हसून नमस्कार केला, आणि मी ‘या, बसा’ म्हणायच्या आत विचारलं, "हात कुठे धुऊ?"

हात धुऊन ती परत आली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर आपली बॅग ठेवली, हवं तेवढंच सामान बाहेर काढलं आणि सरळ बाळाकडे निघाली.

यशोधन म्हणाला, "सिस्टर, बाबांना आधी बघा ना. मोठे आहेत ते."

"आजोबांना सगळ्यात शेवटी," ती सहज म्हणाली. "आधी बाळ, मग बाळाची आई, मग आजी आणि सोनम."

शेवंताने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. माझ्या मनात एकच आलं: ठरलं आहे यांचं. सिस्टरलाही सांगून ठेवलंय. जाणाऱ्या माणसाला शेवटीच बघतात.

बाळाचं वजन झालं, नाळेची जागा पाहून झाली, कृतिकाला टाके, दूध, झोप असं सगळं विचारून झालं. शेवंताचं ब्लडप्रेशर घेतलं, सोनमला ताप-खोकला विचारला. तेवढा वेळ मी खुर्चीवर बसून होतो. सोनम माझ्या शेजारी येऊन उभी राहिली तर कृतिका म्हणाली, "सोनम, लांब." सोनम दोन पावलं मागे सरकली. हवेत किती अंतर म्हणजे लांब, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग वृंदाने पिशवीतून जाड मास्क काढून चेहऱ्याला घट्ट बसवला आणि माझ्यासमोर आली.

"रागावलात?"

"नाही," मी म्हणालो. "पण कारण कळलं तर बरं."

"कारण साधं आहे, आजोबा. मी तुमच्याकडून बाळाकडे गेले तर हातावर-कपड्यांवर कुठले ना कुठले जंतू घेऊन जाऊ शकते. बाळाकडून तुमच्याकडे आले तर बाळाला धोका नाही. मी घरून निघण्याआधीच क्रम ठरवते. वय बघून नाही, कुणाला काय लागू शकतं ते बघून. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मला कुणी काहीच सांगत नाही सध्या," मी म्हणालो. हे जरा जास्त झालं. यशोधन खिडकीकडे बघू लागला.

खिडकीकडेच वृंदाही बघत होती. खिडकीच्या फटींना रुंद चिकटपट्टी लावलेली होती. नोव्हेंबर सुरू झाला की बाहेर धूर साचतो, मयूर विहारची समोरची इमारतसुद्धा पुसल्यासारखी दिसते. बाळ घरी आलं त्याच दिवशी यशोधनने सगळ्या फटी बंद केल्या होत्या. घरात हवा शुद्ध करणारं यंत्र एकच, तेही हॉलमध्ये. त्यामुळे दिवसभर बाळ हॉलमध्ये, कृतिका हॉलमध्ये, आणि माझी खाटही हॉलमध्येच.

वृंदाने स्वयंपाकघरात मांडलेलं माझं वेगळं ताट पाहिलं, परत येऊन खिडकी पाहिली, माझी खाट पाहिली, बाळाचा पाळणा पाहिला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "ताट वेगळं केलंय?"

"बिल्कुल," कृतिका म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी स्वतः गरम पाण्याने धुते."

"आणि हवा एकच?"

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

"टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो," वृंदा म्हणाली. "खोकल्यातून. ताट नेहमीसारखं धुतलं की पुरे. बंद खोली मात्र वाईट. खिडकी उघडी हवी, वारा फिरता हवा."

"म्हणजे चिकटपट्टी काढायची?" यशोधनचा आवाज चढला. "बाहेरची हवा बघितलीत? डॉक्टरांनीच सांगितलंय, बाळाला धुरात ठेवू नका. एक डॉक्टर म्हणतात बंद करा, तुम्ही म्हणता उघडा. आम्ही करायचं काय?"

"म्हणूनच म्हणतोय बाबांना गुरुग्रामला मानसकडे पाठवू," कृतिका हळूच म्हणाली. आता बोलणं दाराआड राहिलं नाही. "कायमचं नाही बाबा. बाळ लहान आहे म्हणून."

मला तिचा राग आला नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. सोनमने विचारलं, "किती दिवसांसाठी?"

वृंदाने विचारलं, "आजोबांना विचारलंत?"

मग वृंदाच पुढे म्हणाली,

"मानसकडे दिवसा कोण असतं? गोळ्या घेतात की नाही हे कोण बघणार? मळमळ झाली, डोळे पिवळे झाले, तर कोण ओळखणार? आणि गोळ्यांचं केंद्र बदललं की उपचार मध्येच तुटायची भीती असते. तुटला तर धोका तुम्हा सगळ्यांना. शिवाय बाळ इतके दिवस त्यांच्याबरोबर याच हवेत होतं. ते गेले तरी बाळाची तपासणी टळत नाही. ती तर आता लगेच करायची."

कृतिका घाबरून बाळाकडे वळली. "मी दूध पाजू की नको?"

"पाजायचं. खुशाल पाजायचं. बालरोगतज्ज्ञ बाळाला तपासतील, टीबी नाही अशी खात्री झाली की प्रतिबंधाचं औषध ठरवतील. तुमची, आजींची, सोनमची, यशोधनदादांचीही तपासणी होईल."

"आणि खिडकी?" यशोधनने पुन्हा तेच विचारलं.

वृंदा म्हणाली, "धूर आणि टीबी दोन्ही एकदम असले तर काय, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा विचारते."

तिने बाल्कनीत जाऊन फोन केला. काचेआडून तिचा हात हलताना दिसत होता. आत आम्ही पाच जण बसलेले आणि कुणाकडे बघावं हे कुणालाच कळत नव्हतं. शेवंता मला म्हणाली, "अहो, तुम्हाला जायचंय का?"

"मला काय विचारतेस? मी तर शेवटचा."

"टोमणे मारायला दम लागत नाही का तुम्हाला?"

वृंदा परतली ती कोरा कागद घेऊनच. "डॉक्टरांशी बोलले. एकाच खोलीत दोन्ही जमणार नाही. म्हणून खोल्या वेगळ्या करायच्या. घरात आणखी कुठली खोली आहे?"

मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. तिथे यशोधनची पुस्तकं, जुनी सायकल आणि रिकामी खोकी. तिला स्वतःची खिडकी आहे.

"यंत्र इथे हॉलमध्येच, ही आता बाळाची खोली. इथे बाळ, आई, आजी. इथली खिडकी धूर जास्त असेल तेव्हा बंद. आजोबा मागच्या खोलीत. त्यांची खिडकी उघडी, दार बंद, स्वयंपाकघराचा पंखा बाहेर हवा फेकणारा, तो चालू. गार लागेल, म्हणून दोन रजया."

"आणि त्यांच्या छातीत धूर गेला तर?" शेवंताने विचारलं.

"जाईल थोडा, आजी. म्हणून फार वाईट दिवशी फोन करा, त्या दिवसाचं वेगळं ठरवू. हे पक्कं उत्तर नाही. आत्ता करता येण्यासारखं आहे ते करतोय."

मग कागदावर कामं वाटली गेली. सकाळच्या गोळ्या यशोधन स्वतःसमोर देईल आणि मगच ऑफिसला निघेल. झाकणाच्या डब्यात फिनाईलचं पाणी, खोकल्याची थुंकी त्यातच, तो डबा मी स्वतः साफ करायचा. बाळाच्या तपासणीला कृतिका आणि शेवंता जाणार. प्रत्येक कामापुढे वृंदा विचारायची, "जमेल?" कुणी नुसती मान हलवली तर ती पुन्हा विचारायची. यशोधनने एकदा "नाही जमणार, सोमवारी मीटिंग असते" म्हटलं, तेव्हा तिने सोमवारचं नाव बदलून शेवंताचं टाकलं.

"माझं काय?" सोनम म्हणाली.

"तू लहान आहेस, तुला काम नाही," कृतिका म्हणाली.

"मग माझं वाचन?"

मी वृंदाकडे पाहिलं. हाच तो प्रश्न होता, जो मला कुणाला विचारता येत नव्हता.

"बाल्कनीत," ती म्हणाली. "दुपारी, ऊन असताना. दोघांनी मास्क. टेबलाच्या दोन टोकांना. आधी सोनमची तपासणी होऊ दे. हवा अगदीच वाईट असेल त्या दिवशी फोनवर, ती या खोलीत, तुम्ही त्या खोलीत."

"फोनवर? एकाच घरात?" सोनम हसू लागली. कृतिकाला हसू आलं की रडू, कळलं नाही.

"पण हे सगळं करायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं," वृंदा म्हणाली. "घर तुमचं आहे. गुरुग्रामचं ठरवलंत तर मी तिथल्या केंद्राशी बोलून सगळं जुळवून देईन."

यशोधनने कृतिकाकडे बघितलं. कृतिका बराच वेळ बाळाच्या पायांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते. अजूनही वाटते. ताट धुतलं की वाटायचं, काहीतरी करतेय. आता कळतंय की तेच नको होतं. मला काही सुचत नाहीये. तुम्हाला इथे राहायचंय?"

"हो," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते, आणि इतक्या दिवसांत मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःहून सांगितलं नव्हतं.

"मग राहा. पुढच्या भेटीला पुन्हा बघू," ती म्हणाली आणि यशोधनने मान हलवली.

"हो म्हणजे तोंडाने हो," वृंदा म्हणाली.

"हो," यशोधन म्हणाला.

सायकल जिन्यात गेली, खोकी गच्चीवर गेली. शेवंताने रजया उन्हात टाकल्या. वृंदा निघताना मी विचारलं, "पुढच्या वेळीसुद्धा मी शेवटीच?"

"शेवटीच, आजोबा."

संध्याकाळी मागच्या खोलीची खिडकी उघडली. बाहेर राखाडी धूर, आत बोचरी थंडी, आणि हवा चांगली की वाईट हे मला अजून नीट कळत नव्हतं. यशोधनने खाट सरळ केली, उशी ठेवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "गार वाटलं तर सांगा." तो दार ओढून गेला तेव्हा बाहेर सोनम उभी होती.

"आजोबा," ती बंद दारापलीकडून म्हणाली, "मी पुस्तक घेऊन इथेच बाहेर बसले तर चालेल?"

"तपासणी होऊ दे," मी म्हणालो. "तोवर पाठ केलेली कविता जोरात म्हण. दार बंदच राहू दे."

ती म्हणू लागली. तिसऱ्या ओळीला अडली. मी सांगितलं नाही, थांबलो. मुलांना अडू द्यावं लागतं. थोड्या वेळाने तिला ओळ आठवली.