जुलैपासूनचे सहाशे

बोनसचा मार्च महिना लागला तसं नौमानचं ऑफिसातलं बूड खुर्चीला टेकेना. कुवेतच्या मिरकाब भागातल्या एका एसी विकणाऱ्या कंपनीत तो जुलैत लागला होता. नेमणुकीच्या पत्रात पगाराखाली लिहिलं होतं, वार्षिक टार्गेट बोनस सहाशे दिनार. टार्गेट हा शब्द त्याने डोळ्यांआड केला आणि रत्नागिरीला बायकोला, फरहतला, सहाशेच सांगितले. त्या पैशांत ती आणि मुलगी दोन महिने कुवेतला येणार होत्या. बाजारात तुरी आणि हा घरी बेत रचून मोकळा!

कंपनीचे डिसेंबरपर्यंतच्या वर्षाचे हिशेब तपासून झाले, वरच्यांची मंजुरी आली, आणि पत्र मिळालं. दोनशे पंचवीस. नौमानच्या कानशिलात आग उठली. तो तडक पगार बघणाऱ्या लक्ष्मीकांतकाकांकडे गेला. पुण्याचा हा माणूस कुणाच्या आवाजाने आवाज चढवणारा नव्हता.

आपली विक्री पूर्ण झाली होती, मग हे काय, असं नौमानने विचारलं. काकांनी कागद पुढे ओढला. सहाशेपैकी अर्धे त्याच्या कामावर, ते तीनशे पूर्ण. उरलेले अर्धे कंपनीच्या नफ्यावर. नफा ठरल्याच्या नव्वद टक्केच झाला, आणि नियमाने नव्वदला निम्मेच, म्हणजे दीडशे. झाले साडेचारशे. नोकरी जुलै ते डिसेंबर, अर्ध्या वर्षाची, म्हणून त्याचेही अर्धे. नफा आणखी घसरून पंच्याऐंशीच्या खाली गेला असता, तर तो वाटा शून्यच झाला असता.

"टार्गेट म्हणजे सगळं ठरल्यासारखं झालं तर किती, एवढंच," काका म्हणाले. "पगाराची हमी असते, नौमानभाई, याची नसते."

नौमानने खिशातला राजीनामा काढला. सबाह अल-सालेम भागातली एक कंपनी नऊशेच्या टार्गेट बोनसवर बोलवत होती, पण पगार वीस दिनारांनी कमी. काकांनी कागदाला हातही लावला नाही. बोनस मार्चच्या पगाराबरोबर, आणि त्या दिवशी हजेरीपटावर असेल त्यालाच, असं ते म्हणाले. आज दिलास तर हेही गेले.

नौमानने राजीनामा घडी करून परत खिशात घातला. जिना उतरून तो घरी फोन लावायला गेला. कुवेतला जायचं सगळ्या रत्नागिरीला सांगून बसलेल्या बायकोला तोंड कसं दाखवायचं, हे त्याला सुचेना. टेलिफोन कार्डाचे आकडे दोनदा चुकले.

"किती आले?" फरहतने विचारलं.

त्याने सांगितलं.

"मी तीनशेच धरलेले," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर पत्र वाचून दाखवलंत ना, तेव्हा जुलै ऐकला होता मी, म्हणजे अर्धंच वर्ष. दोनाचा एक महिना करू."

नौमानला रडू आलं. आठ महिने तो सहाशेच्या आकड्यात राहिला होता, आणि ती त्याने वाचलेल्या पत्रात.