नऊ बारानंतर

"पाहिलंस तेवढंच सांग, पोरा," जात्यावरून आई म्हणायची. परळच्या गिरणीत अपघाताचा अहवाल लिहिताना कारकून भिवाला तो आवाज आठवला. पिंजणयंत्रात रघूची तीन बोटं गेली होती. साहेबांनी सांगितलेला 'निष्काळजीपणा' राहिला, तर रघूची नोकरीही जाणार होती. भिवाने तो शब्द खोडून शेजारी सही केली. मग लिहिलं: 'नऊ दहाला यंत्र बंद. नऊ बाराला रघूने सफाईसाठी हात घातला.'

समोर खात्याचा मुकादम, जॉबर दगडू पांढराफटक उभा होता.

"चूक कुणाची, ते विचारत नाही, दगडूदादा. नऊ बारानंतर काय झालं?"

दगडूने डोक्यावरची टोपी काढली.

"कालच्या हरताळात बुडालेलं काम भरून काढायचं होतं रे... हाळी न देताच पट्टा सरकवून यंत्र चालू केलं. मी."